मस्कारा उतरतो कसा, हे आधी पाहा

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवी नवरी आईला घेऊन आमच्या दवाखान्यात आली. हातावरची मेंदी गडद होती, हिरवा चुडा भरलेला होता आणि उजवा डोळा लालबुंद झाला होता. उजेड नको म्हणून तिने ओढणीचं टोक डोळ्यावर धरलं होतं. "मॅडम, रात्री बारालाच लेन्स काढली. तरी आत काहीतरी खुपतंय ते खुपतंच आहे," ती म्हणाली. आई म्हणाली, "होमाचा धूर लागला असेल, नाहीतर अक्षता गेली असेल एखादी."

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, लेन्स बसवून देणं आणि लेन्समुळे होणाऱ्या तक्रारी पाहणं हे माझं रोजचं काम. लग्नसराईत अशा तक्रारी वाढतात, म्हणून मी तिला धुराबद्दल न विचारता मेकअपबद्दल विचारलं. पहाटे साडेपाचला मेकअप झाला. तो पूर्ण झाल्यावर, निघायच्या घाईत, तिने लेन्स घातल्या. दुपारचा मुहूर्त व्यवस्थित पार पडला. संध्याकाळी स्वागत समारंभासाठी सकाळच्याच मेकअपवर दुसरा हात फिरवला गेला. वाळलेल्या मस्कारावर मस्काराचे आणखी दोन थर आले आणि पापणीवर सोनेरी चमकी आली. नऊच्या सुमारास उजव्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं. डोळे मिटून उघडले की क्षणभर स्वच्छ दिसायचं आणि पुन्हा धूसर व्हायचं. तिला वाटलं, फोकसच्या दिव्यांमुळे होत असेल. पाहुणे मंचावर येत होते, फोटो निघत होते. अशा वेळी डोळ्याला हात कोण लावणार?

तिची लेन्स डबीत होती. सूक्ष्मदर्शकासारख्या स्लिट लॅम्पखाली ती धरली तर तिच्यावर काळे ठिपके चिकटलेले दिसले आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा रंगीत तवंग दिसला. मग डोळ्यात फ्लुरेसीन नावाच्या पिवळ्या रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जिथे खरचटलेला असतो तिथे हा रंग हिरवा उजळतो. तिच्या कॉर्नियाच्या वरच्या भागात चार बारीक हिरव्या रेघा होत्या, सगळ्या उभ्या. उभ्या रेघांचा अर्थ आमच्या कामात पक्का आहे. ओरखडा काढणारी वस्तू कॉर्नियावर नसते, ती वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला अडकलेली असते आणि डोळ्याच्या प्रत्येक उघडझापेला खालीवर घासत राहते. कापसाच्या काडीवर पापणी उलटी केली. आत चमकीचा एक कण बसला होता, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, षटकोनी आणि सोनेरी. ओल्या काडीने तो अलगद टिपला. पापणी सरळ करायच्या आधीच ती म्हणाली, "गेलं."

पुढचे उपचार डोळ्यांच्या डॉक्टरांनी केले. जंतुनाशक थेंब दिले आणि ते सांगतील तोवर लेन्स बंद ठेवली. डोळ्यावर पट्टी मुद्दामच बांधली नाही, कारण लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्याला ओरखडा असेल तर पट्टीच्या उबेत जंतू वाढण्याची भीती असते. ओरखडे लहान होते, लवकर भरले.

मला मात्र लेन्सवरचा काळा ठिपका आणि पापणीखालची चमकी यांच्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. दोन्ही एकाच चेहऱ्यावरच्या मेकअपमधून आले. मस्काराचा तुकडा मऊ आणि मेणचट होता. तो लेन्सला चिकटला, पसरला आणि नजर धूसर करून गेला. चमकीचा कण कडक होता, त्याला कडा होत्या, आणि त्याने जखम केली. दुकानात मेकअप निवडताना आपण विचारतो की हा किती वेळ टिकेल. लेन्स घालणाऱ्या बाईने त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: हा उतरेल तेव्हा कशाच्या रूपात उतरेल? चुरा होऊन, भुकटी होऊन, तेल होऊन की एकसंध सालीसारखा? कारण दिवसभरात मेकअप थोडाफार उतरतोच, आणि पापणीवरून उतरलेल्या वस्तूला डोळा अगदी जवळ असतो.

लेन्स नसलेल्या डोळ्यात असा कण गेला तर तो बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो. डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो आणि प्रत्येक वेळी हा थर नव्याने पसरतो. त्याच ओघात बारीकसारीक कचरा नाकाकडच्या कोपऱ्यात ढकलला जातो. सकाळी कोपऱ्यात सापडणारा काळा ठिपका म्हणजे हाच वाहून आलेला मस्कारा. लेन्स घातली की या वाटेत एक अडसर येतो. मऊ लेन्स सुमारे १४ मिलिमीटर रुंद असते, कॉर्नियापेक्षा थोडी मोठी. तिच्यावर पडलेला कण वाहून जाण्याऐवजी तिलाच चिकटू शकतो. कडेने आत शिरला तर लेन्स आणि कॉर्निया यांच्या मध्ये दबून राहतो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच लेन्स सिलिकॉन हायड्रोजेलच्या असतात. त्यांतून प्राणवायू चांगला जातो, पण तेलकट पदार्थ त्यांच्या पृष्ठभागावर सहज बसतात. म्हणून मैत्रिणीला काहीही त्रास न देणारा मस्कारा तुमच्या डोळ्यात संध्याकाळपर्यंत कचकच करू शकतो.

मस्काराचा चुरा का होतो, हे कळलं की निवड बरीच सोपी होते. नेहमीचा मस्कारा म्हणजे पाणी, मेण आणि काळा रंग यांचं घोटून एकजीव केलेलं मिश्रण. मेण बहुधा मधमाशांचं किंवा कार्नोबा या झाडाचं असतं. पापणीच्या केसांवर लावल्यावर पाणी उडून जातं आणि मेण-रंगाचं कवच मागे राहतं. हे कवच पातळ असेल तर केसाबरोबर वाकतं. जाड असेल तर सारवलेल्या जमिनीचे पोपडे निघावेत तसं तडकतं. म्हणून दाट दिसण्यासाठी तीन-चार हात मारलेला मस्कारा दुपारपर्यंत झडायला लागतो. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दिलेला दुसरा हात तर आणखी वाईट. त्या दोन थरांची नीट सांधेजोड होत नाही आणि वरचा थर सुटून पडतो. आमच्या नवरीच्या बाबतीत सकाळच्या मस्कारावर संध्याकाळचा मस्कारा चढला होता, त्यामुळे ही झड होणारच होती.

दुसरं कारण नळीचं वय. ब्रश बाटलीत वरखाली हापसायची सवय बहुतेकींना असते. त्याने मस्कारा जास्त येत नाही, आत हवा भरते. मिश्रण लवकर सुकतं आणि पापणीवरून त्याचे कण गळायला लागतात. मग कुणी त्यात पाण्याचे थेंब घालतं, कुणी लेन्सचं सोल्युशन. दोन्ही टाळा. एकदा सुकलेलं मिश्रण पूर्वीसारखं एकजीव होत नाही, आणि पाण्याबरोबर जंतूंना वाढायला जागा मिळते. ब्रश रोज पापणीला लागून पुन्हा अंधाऱ्या ओलसर नळीत जातो, म्हणून नळी उघडल्यापासून तीन महिन्यांनी मस्कारा टाकून द्यावा. मी लेन्स घेणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते की उघडल्याची तारीख नळीवरच चिकटपट्टी लावून लिही. निम्म्याहून जास्त मस्कारा शिल्लक असताना तो टाकणं जिवावर येतं, हे मला कळतं. म्हणूनच मोठी नळी न घेता छोटी घ्यावी.

आता कोणता घ्यायचा? मस्काराचा एक प्रकार लेन्सवाल्यांना माझ्या मते सगळ्यात सोयीचा आहे. त्याला ट्यूबिंग मस्कारा म्हणतात. त्यात मेणाऐवजी मुख्य काम पॉलिमर करतो. तो प्रत्येक केसाभोवती बारीक लवचीक नळीसारखं आवरण तयार करतो. त्याचा सहसा चुरा होत नाही, घामाने आणि चेहऱ्यावरच्या तेलाने तो पसरत नाही. कोमट पाण्यात तो थोडा वेळ भिजला आणि बोटांनी हलकेच ओढला की अख्ख्या नळ्या सुटून हातात येतात, काळ्या रेशमी दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. तेलाचा रिमूव्हर लागत नाही, हा त्याचा लेन्ससाठी दुसरा मोठा फायदा. त्याच्या मर्यादाही आहेत. तो मेणाच्या मस्काराइतका दाटपणा देत नाही. दुसरा हात द्यायचा तर पहिला ओला असतानाच द्यावा लागतो. आणि ओल्या डोळ्याला रुमालाने जोरात चोळलं तर नळी सुटून डोळ्यात जाऊ शकते. मात्र ती एकसंध असते, पांढऱ्या भागावर लगेच दिसते आणि सहज निघते.

वॉटरप्रूफ मस्काराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पाठवणीच्या वेळी रडू येणार म्हणून तो घेतला जातो आणि त्या कामाला तो खराच उतरतो. त्यात पाण्याऐवजी आयसोडोडेकेनसारखा पटकन उडून जाणारा द्रव असतो आणि मागे राहणारं आवरण पाण्याला दाद देत नाही. अडचण रात्री येते. पाणी लागू पडत नाही म्हणून तेलकट रिमूव्हर वापरावा लागतो. ते तेल पापणीच्या कडेला राहतं आणि दुसऱ्या सकाळी घातलेल्या स्वच्छ लेन्सवर तवंग धरतं. रोज वॉटरप्रूफ वापरणाऱ्या मुली "लेन्स नवी आहे तरी धुकं दिसतं" म्हणत येतात, तेव्हा मी आधी त्यांच्या रिमूव्हरची बाटली मागवते. एखाद्या दिवसापुरता तो वापरावा आणि दुसऱ्या दिवशी चष्मा लावावा. फायबर मस्कारा मात्र अजिबात नको. पापण्या लांब दिसाव्यात म्हणून त्यात नायलॉन किंवा रेयॉनचे बारीक तंतू घातलेले असतात. असा एक तंतू लेन्सखाली गेला की कुसळ गेल्यासारखं टोचतं. वेष्टनावर 'लांबी वाढवणारा' असं लिहिलेलं दिसलं तर घटकांच्या यादीत नायलॉन किंवा रेयॉन आहे का, तेवढं बघावं.

डब्यावर 'डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलेला' किंवा 'लेन्ससाठी योग्य' असं छापलेलं असतं. ते वाचून निश्चिंत होऊ नका. ही तपासणी किती जणींवर झाली आणि किती तास पाहिली गेली, हे डब्यावर नसतं. चांगल्या मस्कारावरही हे शब्द असतात, म्हणून त्यांचा रागही नको. त्यापेक्षा घरी करायची एक साधी परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते. मनगटाच्या आतल्या बाजूला मस्काराची बोटभर रेघ ओढा. दहा-पंधरा मिनिटं पूर्ण वाळू द्या. मग हात वीसएक वेळा वाकवा-सरळ करा, म्हणजे कातडी दुमडेल आणि पापणीच्या हालचालीची नक्कल होईल. आता खाली पांढरा कागद धरून कोरड्या बोटाने रेघेवरून हलकेच फिरवा. कागदावर काळी पूड पडली तर तो मस्कारा चष्म्याच्या दिवसासाठी ठेवा. बोट काळं झालं पण कागद स्वच्छ राहिला, तर तो पसरणारा आहे. डोळ्याखाली काळं करेल, पण चुरा कमी देईल. दोन्ही स्वच्छ राहिले आणि कोमट पाण्याने रेघ सालीसारखी निघाली, तर तो ट्यूबिंग मस्कारा आहे, वेष्टनावर तसं लिहिलेलं असो वा नसो.

लावण्याची जागाही बदलावी लागते. पार्लरमध्ये ब्रश केसांच्या मुळाशी नेऊन नागमोडी हलवत वर आणायला शिकवतात. लेन्स असेल तर मुळापासून थोडं अंतर सोडून मधल्या भागापासून टोकाकडे लावावा. खालच्या पापणीच्या केसांना लावूच नये. वरून सुटलेल्या कणाला निदान गालावर पडायची शक्यता असते. खालच्या केसांवरचा मस्कारा मात्र डोळा मिटला की थेट अश्रूंच्या कडेला टेकतो.

आयशॅडोची गोष्ट निराळी आहे. मस्कारा दिवसभर सावकाश झडतो, पण शॅडोचा बराचसा त्रास लावण्याच्या त्या पाच मिनिटांतच होऊन जातो. दाबून वडी केलेल्या शॅडोत टाल्क, माइका म्हणजे अभ्रक, रंग आणि त्यांना धरून ठेवणारा थोडा चिकट पदार्थ असतो. वडी जितकी मऊ आणि रंग जितका सहज उठणारा, तितकी तिच्यावरून ब्रश फिरवताना भुकटी जास्त उडते. मेकअप करणाऱ्या मुली याला फॉलआउट म्हणतात आणि त्यांना त्याची चिंता असते ती डोळ्याखालचा फाउंडेशन खराब होतो म्हणून. ते टाळायला त्या डोळ्याखाली पांढऱ्या पावडरचा जाड थर देतात आणि शेवटी पडलेल्या रंगासकट तो मोठ्या ब्रशने झटकून टाकतात. चेहऱ्यासाठी ही युक्ती छान आहे. लेन्ससाठी मात्र ती एका भुकटीवर दुसरी भुकटी उडवणारी ठरते. त्याऐवजी डोळ्यांचा मेकअप आधी पूर्ण करावा, गालावर पडलेला रंग ओल्या कापसाने टिपून घ्यावा आणि मग बाकीच्या चेहऱ्याला हात घालावा.

निवडीच्या बाबतीत मी क्रीम शॅडो पहिली धरते. ती कांडीच्या रूपात मिळते, बोटाने पातळ पसरवली की मिनिटभरात बसते आणि तिची भुकटी उडत नाही. उकाड्यात किंवा तेलकट कातडीवर ती पापणीच्या घडीत गोळा होते, ही तिची खोट आहे. म्हणून थर पातळच हवा. पावडर शॅडोच हवी असेल तर आधी पापणीवर प्राइमर लावा, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते. मग सपाट ब्रशवर रंग घेऊन त्याचा दांडा मनगटावर दोनदा आपटा आणि सुटी भुकटी खाली पाडा. ब्रश पापणीवर फिरवू नका, दाबा. झाडू फिरवल्यासारखा ब्रश फिरला की रंग हवेत जातो. दाबला की कातडीला बसतो. शिमर असेल तर ब्रश किंचित ओलसर करून दाबल्यास कण आणखी कमी सुटतात. आणि एक गोष्ट अगदी सोपी असूनही कुणी करत नाही. ब्रश उचलल्यावर डोळा लगेच उघडायचा नाही. आरशात बघायची ओढ असते, पण हवेत उडालेली भुकटी खाली बसायला काही क्षण लागतात. दहापर्यंत मोजावं, पापणीवरून आणि गालावरून स्वच्छ मऊ ब्रश खालच्या दिशेने फिरवावा आणि मग डोळा उघडावा.

सुटी चमकी आणि डबीतली मोकळी रंगपूड या दोन्हींना मी लेन्सवर परवानगी देत नाही. शिमर आणि ग्लिटर यांत लोक गल्लत करतात. शिमर म्हणजे अभ्रकाची बारीक चकाकती पूड. बोटांत चोळली तर ती मऊ लागते. ग्लिटर म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे कापलेले तुकडे. बोटांत चोळले तर वाळूसारखे खरखरतात. दुकानात ही एवढी परीक्षा पुरते. बोटाला खर लागली तर तो डबा परत ठेवा. कापलेल्या तुकड्याच्या कडा कशा असतात, ते त्या हिरव्या रेघांनी दाखवलं होतंच.

काजळाबद्दल बोलल्याशिवाय मराठी घरात हा विषय पुरा होत नाही. काजळ आपण पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर भरतो. त्याच कडेवर, केसांच्या रांगेच्या मागे, तेलग्रंथींची बारीक तोंडं ओळीने असतात. तिथून येणारं तेल अश्रूंना लवकर वाळू देत नाही. त्या तोंडांवर मेणकट काजळ बसलं की डोळा कोरडा पडतो आणि कोरड्या डोळ्यात लेन्स खुपते. शिवाय ते काजळ डोळ्यात शिरायलाही वेळ घेत नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या एका संशोधिकेने अगदी मोजक्या जणींवर केलेलं निरीक्षण प्रसिद्ध झालं. पेन्सिल लायनर केसांच्या रांगेच्या आत लावला, तर बाहेर लावण्याच्या तुलनेत पहिल्या पाच मिनिटांत १५ ते ३० टक्के जास्त कण अश्रूंत आले होते. अभ्यास छोटा आहे, पण दवाखान्यात जे दिसतं त्याच्याशी जुळतो. काजळ सोडा, असं मी कुणाला म्हणत नाही. केसांच्या बाहेरच्या बाजूने रेघ ओढा, आणि भरलेलं काजळ हवंच असेल तर तो दिवस चष्म्याचा ठेवा.

मऊ लेन्ससाठी क्रम असा ठेवायचा: साबणाने हात धुऊन, कोरडे करून आधी लेन्स घालायची आणि मग मेकअप करायचा. क्रीम किंवा फाउंडेशन लागलेल्या बोटाने लेन्स धरली की तिच्यावर ठसा उमटतो आणि तो दिवसभर नजरेसमोर राहतो. आमच्या नवरीच्या लेन्सवरचा तवंग बहुधा तिथूनच सुरू झाला. रात्री उलट करायचं. हात धुऊन आधी लेन्स काढायची, मगच मेकअप उतरवायचा. नळाचं पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही, त्यात असणारे काही सूक्ष्मजीव डोळ्यात गंभीर संसर्ग करू शकतात. कडक, म्हणजे आरजीपी लेन्स वापरणाऱ्यांना बऱ्याचदा मेकअपनंतर लेन्स घालायला सांगतात. तुम्हाला काय सांगितलं आहे, तेच पाळा.

मेकअप असताना काही झालंच, तर लक्षणांवरून अंदाज बांधता येतो. पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होत असेल तर लेन्सवर तेल किंवा मस्कारा पसरला आहे. लेन्स काढून तळहातावर सोल्युशनने चोळून धुवावी, तरी जात नसेल तर ती टाकावी. टोचत असेल आणि लेन्स काढल्यावर टोचणं थांबत असेल, तर कण लेन्सला किंवा तिच्याखाली होता. लेन्स काढूनही टोचणं चालूच राहिलं, तर पापणीखाली काहीतरी अडकलं आहे किंवा ओरखडा पडला आहे. त्या वेळी लेन्स पुन्हा घालायची नाही आणि डोळा चोळायचा नाही. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा नजर कमी होणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. घरातले जुने थेंब घालून सकाळची वाट पाहणं यात धोका आहे. लेन्समुळे झालेला कॉर्नियाचा संसर्ग एका रात्रीतही वाढू शकतो.

त्या नवरीच्या धाकट्या बहिणीचंही काही महिन्यांनी लग्न ठरलं. तिचा नंबर उणे तीन. ती लग्नाच्या पंधरा दिवस आधी आपली मेकअपची पिशवीच घेऊन आली आणि टेबलावर रिकामी केली. आम्ही दोघींनी एकेक वस्तू पाहिली. मस्कारा वर्षभर जुना निघाला, तो कचऱ्यात गेला. नव्या दोन मस्कारांच्या रेघा तिच्या मनगटावर ओढल्या. एकाची पूड कागदावर पडली, दुसरा पाण्याखाली सालीसारखा निघाला. तो ठेवला. चमकीची डबी तिने स्वतःच बोटांत चोळून बाजूला केली. "पण ताई, शालू सोनेरी आहे. डोळ्यावर थोडं सोनं तर हवंच," ती म्हणाली. मग सोनेरी शिमरची क्रीम कांडी ठरली. ती फक्त पापणीच्या मध्यभागी, बोटाने दाबून लावायची.

लेन्सचं एक मात्र मी आग्रहाने सांगितलं. तिच्या महिनाभराच्या लेन्सऐवजी त्या दिवसापुरत्या रोज टाकायच्या लेन्सच्या दोन जोड्या घे. त्याच नंबरच्या, पण नुसता नंबर सांगून दुकानातून उचलायच्या नाहीत. लेन्सचा बाक आणि रुंदी बदलली तर ती डोळ्यावर वेगळी बसते, म्हणून आधी घालून तपासून घ्यायच्या. एक जोडी पहाटे मेकअपच्या आधी घालायची. संध्याकाळी दुसऱ्या मेकअपच्या आधी ती काढून टाकायची, जुना मस्कारा कोमट पाण्याने उतरवायचा, डोळ्यांना अर्धा तास विसावा द्यायचा आणि नवी जोडी घालून नव्याने सुरुवात करायची. मेकअपवाल्या ताईंनी या अर्ध्या तासाला आधी नकार दिला. समारंभ सातचा, केस बांधायला चाळीस मिनिटं, मग वेळ कुठून काढायचा? शेवटी केस आधी बांधायचं ठरलं. केस होईपर्यंत डोळे लेन्सशिवाय राहिले. हेअरस्प्रे मारून झाला, खोलीची खिडकी उघडली, हात धुतले, मग लेन्स घातल्या आणि मग डोळ्यांचा मेकअप झाला.

लग्नानंतर तिने मोठ्या बहिणीच्या हाती निरोप पाठवला होता. पाठवणीला भरपूर रडली, रुमालाने डोळे टिपले, पुसले नाहीत. रात्री लेन्स काढून टाकल्या आणि बेसिनपाशी उभी राहून मस्कारा उतरवला. काळ्या नळ्या तिने तळहातावर घेऊन नवऱ्याला दाखवल्या. तो घाबरला, त्याला वाटलं पापण्यांचे केसच गळून आले.